दोन पाचरी शिल्लक असताना

पायांची किळस मला कधीच आली नाही. पंधरा वर्षं लोकांचे पाय हातात घेतेय. प्लास्टरमधून सुटलेले, पापुद्रे निघणारे, घामाने आंबलेले, बोटांच्या बेचक्यात काळा मळ साचलेले. घरी गेले की आई दारातच म्हणते, आधी हात धू, मग बोल. ती नाक मुरडते, मी हसते. त्या वासाचं मला काही वाटत नाही. शिसारी म्हणजे काय ते मला गेल्या वर्षी कळलं, आणि त्याला कुठलाच वास नव्हता. उलट तिथे सगळीकडे लिंबाच्या सुवासाचं काहीतरी फवारलेलं असायचं.

मी तेव्हा सरांच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. बाहेर काचेची भिंत, आत पांढऱ्या खाटा, कोपऱ्यात रबरी पट्ट्या आणि वजनं, मधोमध लाकडी पायरी. सरांचं डोकं हुशार होतं, हे मान्य करायलाच हवं. चालणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून कुठला स्नायू कमी पडतोय हे ते सांगायचे. मला अर्धं काम त्यांनीच शिकवलं. पण गेल्या तीन वर्षांत त्यांनी कुणाच्या पायाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पाय आमच्याकडे. ते उभे राहून बोलायचे, फोनवर चित्रण करायचे आणि निघताना खिशातल्या सॅनिटायझरच्या बाटलीतून दोन थेंब घेऊन हात चोळायचे.

पेंटर आमच्याकडे आला तो दुखापतीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. वय बेचाळीस, सडपातळ, बोलका. घरं रंगवायचा. रविवारी कामावरच्या लोकांसोबत व्हॉलीबॉल खेळताना चेंडूकडे झेपावला आणि मागून कुणीतरी टाचेवर लाथ घातल्यासारखं वाटलं.

"शिवी द्यायला मागे वळलो तर मागे कुणीच नाही," तो सांगायचा. "तेव्हाच कळलं, काहीतरी भलतंच झालंय."

सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टर बाईंनी त्याला पालथं झोपवून पोटरी दाबली होती. चांगल्या पायाची पोटरी दाबली की पाऊल खाली हलतं. त्याचं हललं नाही. टाचेमागची कंडरा, पोटरीला टाचेशी बांधणारा तो जाड दोर, पूर्ण तुटली होती. सोनोग्राफीत दिसलं की पंजा खाली वळवला की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. म्हणून ऑपरेशन टाळून बूट द्यायचं ठरलं. गुडघ्याखालपर्यंतचा कडक बूट, आत टाचेखाली चार पाचरी, म्हणजे पाऊल उंच टाचेच्या चपलेत असल्यासारखं खाली वळलेलं राहतं आणि टोकं जवळ राहतात.

बाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पहिले दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, कुबड्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन. तिसऱ्या आठवड्यापासून बुटातच थोडं वजन, चौथा संपला की बुटात पूर्ण. त्याच वेळी पहिली पाचर काढायची, मग दर आठवड्याला एक. झोपतानाही बूट. दहावा आठवडा संपेपर्यंत बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि पाऊल वरच्या बाजूला ताणायचं तर अजिबातच नाही, कारण भरणारी कंडरा ताणली तर लांब होते, आणि लांब झालेल्या कंडरेत जन्मभर जोर येत नाही.

पेंटरने कागद नीट वाचला होता. "ताई, हे आमच्या कामासारखंच आहे," तो एकदा म्हणाला. "भिंतीच्या भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वरून बोट लावलं तर कोरडी. पण आत ओलीच. घाई करून रंग मारला की महिन्याभरात पोपडा."

"एवढं कळतं ना, मग झालं," मी म्हटलं.

आम्ही वजनाच्या काट्यावर त्याला उभं करायचो. बूट घातलेला पाय काट्यावर, दुसरा बाजूच्या फळीवर. वीस किलो, मग तीस, मग पन्नास. चौथ्या आठवड्याअखेर तो पूर्ण वजनावर आला. एक पाचर निघाली, मग दुसरी. दुखणं जवळजवळ संपलं होतं. हाच या दुखण्यातला फसवा काळ. सहाव्या आठवड्यात माणसाला वाटतं, आपण बरे झालो. आणि सहा ते बारा आठवड्यांतच कंडरा पुन्हा तुटण्याची भीती सगळ्यात जास्त.

याच काळात सरांनी एक नवीन पाटी बनवून घेतली. सहा आठवड्यांत स्वतःच्या पायांवर. काचेच्या भिंतीवर, आतून उजेड सोडलेली. त्यासाठी त्यांना चित्रफिती हव्या होत्या, आणि पेंटर त्यांना आवडला. हसरा चेहरा, कष्टाचं अंग, बोलायला मोकळा.

ती मंगळवारची सकाळ होती. मी आले तेव्हा पायरीसमोर गोल दिवा लावलेला आणि तिकाटीवर फोन. पेंटर खाटेवर बसला होता आणि सर त्याला सांगत होते, "बूट काढा. अनवाणी, जमिनीवरच्या या पट्टीवरून दहा पावलं. एवढंच."

"सर," मी म्हटलं, "सहावा आठवडा आहे. दोन पाचरी अजून शिल्लक आहेत."

"माहितीये मला."

"म्हणजे पाऊल अजून सपाटसुद्धा आलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज नेहमीसारखाच, लोण्यासारखा. "काउंटरवर फोन वाजतोय बघ जरा."

फोन वाजत नव्हता. पेंटरने माझ्याकडे पाहिलं, त्याला हो की नाही ते हवं होतं. मी बाहेर गेले.

याबद्दल मी पुष्कळ दिवस स्वतःला कारणं पुरवली. सर मोठे, मी नोकर. दहा पावलांनी काय होतंय. एकही कारण टिकलं नाही. मी बाहेर गेले, इतकंच खरं.

काउंटरवरची ताई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि काचेतून पाहत उभी राहिले.

पेंटरने बूट काढला. पाय पांढरा, पोटरी दुसऱ्या पायाच्या निम्मी, कातडीवर बुटाच्या अस्तराचे वळ. तो चालला. सावकाश, लंगडत, पण चालला. दहा पावलं झाली. मी श्वास सोडला. मग सरांनी हाताने खूण केली, दोन्ही टाचा उचला. त्याने खाटेला धरून उचलल्या. सर मान डोलवत होते. मग त्यांनी पायरी दाखवली.

मी दार उघडेपर्यंत तो पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभा होता, टाचा मागे लटकत्या. अंगाचं सगळं वजन टाच खाली ओढत होतं, आणि सहा आठवडे जो ताण द्यायचा नव्हता तोच पुरता बसत होता.

आवाज मोठा नव्हता. ओली फांदी मोडावी तसा. पेंटर खाली उतरला, पडला नाही, आणि त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का म्हणून. मग मटकन खाली बसला.

मी त्याला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. टाचेच्या वर बोट ठेवलं तर तिथे मऊ खड्डा. मी बूट चढवला, काढलेल्या पाचरी परत आत सारल्या, पट्टे घट्ट बांधले. पेंटरच्या कपाळावर घाम होता.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "मीच जरा जास्त जोर दिला."

सरांनी फोन तिकाटीवरून काढला, खिशात ठेवला, बाटली काढली आणि हात चोळले. त्यांनी त्याला स्पर्शही केला नव्हता. लिंबाचा वास माझ्यापर्यंत आला आणि माझ्या तोंडात आंबट पाणी सुटलं.

मी त्याच्यासोबत रिक्षाने दवाखान्यात गेले. त्याची बायको कपडे धुण्याच्या कारखान्यातून कामाच्या एप्रनवरच आली. डॉक्टर बाईंनी पाय पाहिला आणि विचारलं, "काय केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत पेंटर म्हणाला, "पायरीवरून घसरलो."

मी गप्प राहिले. दुसऱ्यांदा. वाटलं, निवांत सांगू, आधी पाय बघू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेंटरची नोंद उघडली. काल काय झालं ते लिहायचं होतं. तिथे आधीच लिहिलेलं होतं. रुग्ण गेले काही दिवस घरी बुटाविना चालत असल्याचे सांगतो. सक्त समज दिली. तारीख सोमवारची, म्हणजे कंडरा तुटण्याच्या आदल्या दिवसाची. आणि खाली नाव माझं. माझ्या संगणकावर माझ्याच खात्यातून केलेली नोंद.

मी सरांच्या खोलीत गेले. ते डबा उघडून बसले होते.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"तुझ्या भल्यासाठी," ते म्हणाले. "रुग्ण तुझा आहे. उद्या कुणी विचारलं तर तुझ्याकडे कागद हवा."

"तो घरी कधीच बुटाशिवाय चालला नाही."

"तुला काय माहीत? सगळेच चालतात. तो स्वतःच म्हणतोय ना, माझं चुकलं." त्यांनी घास तोंडात घातला. चावता चावता पुढे म्हणाले, "बस. खाऊन घे थोडं. चेहरा बघ कसा झालाय."

मला त्या क्षणी त्यांचं तोंड दिसत होतं, हलणारं, व्यवस्थित, ओठांच्या कडेला जराही न सांडणारं. मी बाथरूममध्ये गेले आणि ओकले. तोंड धुताना आरशात जी दिसली, तिचाही मला तितकाच वीट आला. दहा पावलांच्या वेळी बाहेर गेलेली तीच.

संध्याकाळी काउंटरवरच्या ताईने मला फोनवर काहीतरी दाखवलं. क्लिनिकच्या पानावर नवीन चित्रफीत. पेंटर अनवाणी चालतोय, हसतोय, टाचा उचलतोय. मागे ढोलाचा ठेका. खाली अक्षरं, सहा आठवड्यांत स्वतःच्या पायांवर. पायरीच्या आधी कापलेली. सकाळपासून शेकडो लोकांनी पाहिली होती. कुणी अंगठे दिले होते, कुणी विचारलं होतं, आमच्या काकांना आणू का.

"त्यांचा पाय तुटल्यानंतर टाकलीये ही," ताई हळूच म्हणाली. "मला तर बघवेना."

मी ती फीत माझ्या फोनवर उतरवून घेतली. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ आणि तारीख दोन्ही दिसत होती. मग नोंदीचं पान छापलं आणि राजीनामा लिहिला. सर म्हणाले, "इतक्या लहान गोष्टीवरून." तेवढ्यावर आमचा अकरा वर्षांचा संबंध संपला.

दवाखान्यात पेंटरचं ऑपरेशन झालं होतं. तुटलेली टोकं आता चिंध्या झालेली, ती साफ करून शिवावी लागली. मी डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं, काचेबाहेर उभी होते तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद ठेवून घेतले. मग मी वॉर्डात गेले. पेंटर झोपेत होता. त्याची बायको खाटेशेजारी स्टुलावर.

"वहिनी, ते घसरले नाहीत," मी सुरुवात केली. "त्यांना पायरीवर उभं केलं. मी तिथेच होते. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही."

ती स्टुलावरून उठली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्यांनी मोठ्या माणसाचं ऐकलं, त्यांचं ठीक आहे. त्यांनी तुमच्याकडे बघितलं असेल ना?"

"बघितलं."

तिने तोंड फिरवलं. एखाद्या घाणेरड्या गोष्टीवर पाय पडावा तसं. "जा तुम्ही," ती म्हणाली.

मी गेले. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या मंडळाकडे तक्रार दिली, सरांविरुद्ध आणि स्वतःचंही नाव घालून. काही महिन्यांनी चौकशी झाली. खोटी नोंद आणि फीत, दोन्ही त्यांना नाकारता आली नाहीत. त्यांचा परवाना सहा महिने थांबवला, मला लेखी समज मिळाली. त्यांचं क्लिनिक एका भागीदाराच्या नावाने सुरूच राहिलं. पाटी मात्र उतरवली. मी त्याआधीच सरकारी दवाखान्यात जागा रिकामी होती तिथे लागले होते.

ऑपरेशननंतरच्या सातव्या आठवड्यात डॉक्टर बाईंनी मला बोलावलं.

पेंटरची जखम तिसऱ्या आठवड्यात उघडली होती. कडा काळ्या, पिवळट पाणी, वास. पुन्हा आत नेऊन धुवावी लागली, औषधं द्यावी लागली. आता ती भरली होती. पण अडचण वेगळीच होती.

"चौथ्या आठवड्यानंतर बुटात वजन सुरू करा म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "सातवा सुरू आहे. अजून पाय टेकवत नाहीत. बायको टेकवू देत नाही. पोटरी वाळून चाललीय. त्यांना इथे यायचंच नाहीये. तू जाशील?"

"मी गेले तर दार तरी उघडतील का?"

"तुला तिथे घडलेलं सगळं माहीत आहे. दुसऱ्या कुणाला पाठवू?"

मी काखेत वजनकाटा घेऊन गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. दार तिनेच उघडलं. काटा पाहून तिचा चेहरा बदलला.

"पुन्हा?" ती म्हणाली. "पुन्हा तुमच्या सांगण्यावरून पाय टेकवायचा?"

"माझ्या नाही. हे डॉक्टर बाईंचं लिहिलेलं आहे. वाचा."

"कागद तेव्हाही होता."

आतून पेंटर म्हणाला, "येऊ दे त्यांना."

खोलीत उबट, आंबट वास होता. बुटाचं अस्तर कित्येक आठवड्यांत धुतलेलं नव्हतं. कारण तेवढ्यापुरताही बूट काढायची त्यांना भीती. पाय उशीवर. पेंटरचा चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली. तो स्वतःच्या पायाकडे बघत नव्हता.

"किळस येते ताई," तो म्हणाला. "माझाच आहे पण वाटत नाही. कुणाचातरी मेलेला पाय बांधून ठेवल्यासारखं वाटतं."

मी त्याला पालथं झोपवलं, पाऊल खाली वळलेलंच धरून बूट काढला. कोमट पाण्याने पाय पुसला, वाळक्या कातडीचे पापुद्रे ओल्या फडक्यावर निघत गेले. वण लाल, जाड, पण बंद. अस्तर सुटं करून वहिनींना दिलं आणि सोबत आणलेलं दुसरं चढवलं. मग पोटरी दाबली. पाऊल हललं, थोडं, पण हललं. मी वहिनींना हाक मारली आणि पुन्हा दाबली.

"दिसलं? दोर जोडलेला आहे. मागे आम्ही फार लवकर ओझं टाकलं, तेही बूट काढून, टाच लटकवून. आता बूट आहे, पाचरी आहेत, टाच वर आहे. या अवस्थेत वजन पडलं तर दोर ताणला जात नाही, पण त्याला काम मिळतं. काम मिळालं नाही तर आतले धागे वेडेवाकडे भरतात. नेहमीसाठी दुबळे राहतात. उशीर करणं म्हणजे सावधपणा नाही, वहिनी. तेही नुकसानच."

तिने विचारलं, "किती?"

"आज दहा किलो. आकडा तुम्ही वाचा. अकरा झालं की मला थांबवा. मी जास्त सांगितलं तरी थांबवा."

ती काट्यासमोर गुडघ्यांवर बसली. पेंटर कुबड्यांवर उभा राहिला, बूट काट्यावर ठेवला. मी त्याच्या मागे, दोन्ही हात त्याच्या कमरेशी.

"चार," ती म्हणाली. "सात. दहा. बास."

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही. भीती वाटतेय."

"थांबूया का?"

"नको. एकदा अजून."

त्यानंतर मी आठवड्यातून तीनदा गेले. आकडे वहिनीच वाचायच्या आणि भिंतीवर पेन्सिलने लिहायच्या. नवव्या आठवड्यात अर्धं वजन, अकराव्यात पूर्ण, बुटातच. मग एकेक पाचर, आणि प्रत्येक वेळी पेंटर विचारायचा, नक्की ना. चौदाव्या आठवड्यात बूट सुटला आणि बुटाच्या जागी टाचेखाली जाड गादी घातलेले साधे बूट आले. ताण द्यायचा नाही, जिना एकेक पायरीने, अनवाणी घरातही नाही. पाचव्या महिन्यात दोन्ही पायांवर टाचा उचलायला सुरुवात झाली, ओटा धरून, सपाट जमिनीवर. पायरी मी कधीच वापरली नाही. वापरायची वेळ आली तेव्हा त्यानेच नको म्हटलं, आणि मीही आग्रह केला नाही.

वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. पाणी द्यायच्या, चहा विचारायच्या नाहीत. ते मला बरोबर वाटायचं.

नवव्या महिन्यात तो एका पायावर टाच उचलू लागला. पूर्ण नाही. चांगल्या पायाच्या निम्मी उंची, तीनदा, चौथ्यांदा पाय लटपटायचा. कदाचित तेवढीच राहील, असं मी त्याला खरं ते सांगितलं. शिडीवर चढायला डॉक्टर बाईंनी अजून तीन महिने मनाई केली आहे. सध्या तो खालचे भाग रंगवतो. दारं, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीचा कमरेपर्यंतचा पट्टा. वरचं दुसरा कुणीतरी करतो. त्याला ते आवडत नाही. दुसऱ्याचा हात वेगळा पडतो, मधोमध रेघ दिसते, म्हणतो.

परवा मी गेले तेव्हा तो विचारत होता, "व्हॉलीबॉल?"

"या वर्षी नाही."

"पुढच्या?"

"पाय बघून सांगेन. त्याच्या आधी कुणी काहीही म्हटलं तरी नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. "तुम्ही म्हटलं तरी?" त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं तरी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या आकड्यांखाली त्या दिवसाची तारीख लिहिली.